मदत हवी: हवेचं वॉटर पोटेन्शियल -41 येतंय, उत्तरसूचीत -94 आहे

हिरवा_देठ: कितीही वेळा केलं तरी -41 च्या आसपासच येतं. सूची चुकलीय का? आणि पानाचं फक्त -1 मेगापास्कल असताना पान क्षणात वाळून कसं जात नाही? लवकर सांगा.

मूळरोम: तापमान? आर्द्रता? सूत्र कोणतं? आम्ही ओळखायचं का सगळं?

हिरवा_देठ: 20 अंश, 50 टक्के. Ψ = (RT/V) ln(RH/100). तेच असतं ना नेहमी.

मूळरोम: 20 अंशांना RT/V सुमारे 135 मेगापास्कल. 0.5 चा ln म्हणजे -0.693, गुणाकार -93.6. तू कॅल्क्युलेटरवर log दाबलंयस. तो 10 च्या पायाचा, -0.301 देतो, म्हणून -40.6. सूची बरोबर आहे.

पोटोमीटरवाला: बुडबुडा सरकत नसेल तर फांदी पाण्याखाली तिरकी कापा आणि रबरी बुचाच्या सांध्यांना व्हॅसलीन लावा. हवा आत शिरली की रीडिंग वाया.

मूळरोम: इथे पोटोमीटर कुठून आला?

झायलम७: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. -1 आणि -94 मध्ये 93 चा फरक, बाष्पोच्छ्वासाचा वेग त्यावरच ठरतो. पर्णरंध्रं आवळली की वेग कमी, म्हणून पान वाचतं.

मूळरोम: पर्णरंध्रांचं बरोबर, वेगाचं नाही. वॉटर पोटेन्शियलवरून पाणी कुठल्या दिशेला जाईल ते कळतं. पर्णरंध्रातून मात्र वाफ बाहेर पडते, आणि तिचा वेग आतल्या-बाहेरच्या वाफेच्या प्रमाणातल्या फरकावर ठरतो. तेच सूत्र उलटं चालवा: -1 ला 135 ने भागून घातांक घेतला की 0.993 येतं. म्हणजे पानाच्या आतली हवा 99.3 टक्के आर्द्र, जवळजवळ संपृक्तच. 20 अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे 17.3 ग्रॅम वाफ असते, बाहेर त्याच्या निम्मी. फरक साडेआठ ग्रॅमच्या आसपास. पानाचं -1 चं -2 झालं तरी आतली आर्द्रता 98.5 टक्के राहते, फरक जेमतेम हलतो. म्हणून पाणी वाचवायचं तर रक्षक पेशींनी दारच लावायला हवं. दार उघडं असेपर्यंत गेलेल्या पाण्याची भरपाई मुळांकडून होत राहते, म्हणून पान लगेच वाळत नाही.

झायलम७: पण झायलममध्ये तर दाबाच्या फरकावरच प्रवाह चालतो.

मूळरोम: तिथे द्रव पाणी आहे, तिथे मान्य. पर्णरंध्राशी नाही.

कोवळं_पान: उन्हात पान हवेपेक्षा गरम असतं हे कुणी धरलंच नाही. पान 25 अंशांवर गेलं तर आत 23 ग्रॅम, बाहेर तेच 8.65. फरक 14 च्या वर!

झायलम७: गणितात पानाचं तापमान दिलेलंच नाही, उगाच फाटे कशाला?

कोवळं_पान: दिलं नाही म्हणून पान थंड राहत नाही.

हिरवा_देठ: ln ने -93.6 आलं. पण पाणी कमी पडलं की रक्षक पेशींना आधी कळतं कसं, पानाचं पोटेन्शियल घसरल्यावर की एबीएमुळे?

मूळरोम: दोन्हींचा वाटा असतो. आधी काय, हे झाडागणिक बदलतं. त्यासाठी वेगळा धागा काढ.

पोटोमीटरवाला: व्हॅसलीन पानाच्या खालच्या बाजूला लावूनही बघा, फरक दिसेल.