मदत हवी आहे: शाळेच्या व्हॅनचं बिल चार घरांत कसं वाटायचं?

निशिगंध:
आम्ही चार घरांनी मिळून मुलांसाठी व्हॅन लावली आहे. प्रत्येकी एकच मूल, रस्ताही एकच. शाळेपासून घरं 2, 5, 6 आणि 10 किमीवर आहेत. चालक महिन्याला सगळ्यांचं मिळून एकच बिल देतो. हिशेबाला सोपं म्हणून ते 120 धरा. आतापर्यंत प्रत्येकी 30 देत होतो. आता 2 किमीवाले म्हणतात, आमचं मूल दोन किमी बसतं आणि पैसे मात्र दहा किमीवाल्यांइतके! मी मधली, 5 किमीवाली. हिशेब माझ्या गळ्यात पडलाय. काय करू?

पाटीपेन्सिल:
सोपं आहे. अंतरांची बेरीज 23. ज्याचे जेवढे किमी, त्या प्रमाणात पैसे. म्हणजे साधारण 10, 26, 31 आणि 52. संपला विषय.

रिकामटेकडा:
व्हॅनमध्ये मुलं किती कोंबतात ते आधी बघा. आमच्याकडे...

निशिगंध:
@रिकामटेकडा, चारच मुलं आहेत हो. प्रश्न पैशांचा आहे.

जुनाखातेदार:
पाटीपेन्सिल, दिसायला हे बरोबर वाटतं, पण 6 किमीच्या पुढचे चार किमी व्हॅन फक्त शेवटच्या घरासाठी जाते. तुमच्या हिशेबात त्या चार किमीचा भार बाकीचेही उचलतात.

रस्त्याचे तुकडे करा. शाळेपासून पहिले 2 किमी चौघांचे, पुढचे 3 तिघांचे, त्यापुढचा 1 दोघांचा आणि शेवटचे 4 एकट्याचे. बिल 120 आणि रस्ता 10 किमी, म्हणजे किमीला 12. पहिल्या तुकड्याचे 24 चौघांत, म्हणजे प्रत्येकी 6. दुसऱ्याचे 36 तिघांत, प्रत्येकी 12. तिसऱ्याचे 12 दोघांत, प्रत्येकी 6. शेवटचे 48 एकट्याचे. म्हणजे 6, 18, 24 आणि 72. व्हॅन शाळेकडून रिकामी निघून शेवटच्या घरापासून मुलं घेत येत असली तरी प्रमाण हेच राहतं, कारण प्रत्येक तुकडा दोनदा धावला जातो.

विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत कसा वाटावा, यावर लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी 1973 साली याच रीतीचं गणित मांडलं होतं. लहान विमानाला पुरेल तेवढ्या पट्टीचा खर्च सगळ्यांचा, पुढची लांबी ज्यांना लागते त्यांचीच.

पाटीपेन्सिल:
मग 2 किमीवाल्यांचं बरोबरच आहे की. त्यांच्या रस्त्याचा सगळा खर्च 24, आणि ते 30 देतायत. एकट्यांनी गाडी केली तरी स्वस्त पडेल.

जुनाखातेदार:
नाही, गोम तिथेच आहे. 24 ला कोणी गाडी देणार नाही. चालकाचा पगार, विमा, गाडीचा हप्ता हे दोन किमीलाही तेवढेच लागतात. किमीनुसार बदलतं ते मुख्यतः इंधन आणि झीज. समजा 120 पैकी 60 स्थिर. ते चौघांत सारखे वाटा, प्रत्येकी 15. उरलेले 60 तुकड्यांनुसार वाटले की 3, 9, 12 आणि 36. एकूण 18, 24, 27 आणि 51. एकट्यांनी गाडी केली तर 2 किमीवाल्यांना 60 अधिक 12, म्हणजे 72 पडतील. त्यामुळे 30 सुद्धा त्यांना परवडत होते, फक्त न्याय्य नव्हते.

अबोली:
आमचं घर मुख्य रस्त्यापासून दीड किमी आत, गल्लीत. व्हॅन आत येते, वळून बाहेर जाते. शेजारी म्हणतात ते तीन किमी आम्हीच द्यायचे. बरोबर आहे का?

जुनाखातेदार:
हो, गल्लीत जाणं-येणं तुमच्यामुळेच आहे. आत आणखी एखादं घर असेल तर ते तीन किमी दोघांत वाटा. नाहीतर मूल कोपऱ्यावर सोडून ते वाचवा.

निशिगंध:
18-24-27-51 गटात टाकलं. 2 किमीवाले खूश. दहावाल्या ताई चिडल्या: "आमचं पोर सगळ्यांत आधी उठतं, सगळ्यांत जास्त वेळ गाडीत बसतं, आणि पैसेही आम्हीच जास्त द्यायचे?" खरं सांगायचं तर मलाही ते लागलं. आणि स्थिर भाग निम्माच कशावरून? तो वाढवला तर त्यांचा वाटा उतरतो, माझा वाढतो.

जुनाखातेदार:
तो आकडा चालकाशी बोलून ठरवा. त्याला एवढंच विचारा: दहावाले नसते तर बिल किती झालं असतं? तो 96 म्हणाला तर 4 किमीचे 24, म्हणजे किमीला 6, आणि दहा किमीचे 60. माझा अंदाज जुळला. 110 म्हणाला तर किमीला अडीचच, स्थिर भाग 95. तेव्हा वाटे 25, 27.5, 28.75 आणि 38.75. उठण्याच्या वेळेला मात्र माझ्या हिशेबात जागा नाही.

आणखी एक, कोणी मध्येच सोडलं तर काय, हे आजच लिहून ठेवा. निम्मा स्थिर धरून 2 किमीवाले गेले आणि बिल तेच राहिलं, तर उरलेल्यांना 30, 33, 57 पडतात.

कोपरा:
पण दहावाले गेले आणि चालकाने बिल कमी केलं नाही तर? आमच्याकडे तसंच झालं. गाडी अर्ध्या रस्त्यातून वळायची, बिल मात्र पूर्वीचंच.

निशिगंध:
@कोपरा, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या चालकाला दोन्ही विचारते. ताईंचं काय करायचं ते अजून कळत नाहीये.