बाळाची बातमी आणि बारशाचं आमंत्रण एकाच मेसेजात: चालेल का?

सुटसुटीत: उगाच दोनदोनदा कशाला कळवायचं? आम्ही हे टाकतोय: "आमच्या घरी लक्ष्मी आली! बारसे बाराव्या दिवशी. सर्वांनी अगत्य यावे, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे." तीन ओळी, काम फत्ते. ज्यांना फोन हवा असतो त्यांचा मान मोठा, बाळ छोटं.

चिंचपाणी: काम फत्ते झालेलं नाही, ते पाहुण्यांवर ढकललंय. "आमच्या घरी" म्हणजे कुणाच्या? बाळंतीण बहुधा माहेरी असते आणि बारसंही तिथेच होतं. मेसेज सासरच्या ग्रुपवर पडला की निम्मे लोक वडिलांच्या घरी जाऊन कुलूप बघतात. बाराव्या दिवशी म्हणजे कोणत्या वारी, किती वाजता? वाचणाऱ्याने जन्मतारीख शोधून बोटं मोजायची का?

शिवाय हा मेसेज दवाखान्यातून, त्याच दिवशी पाठवू नका. सिझेरियन असेल तर सुट्टी मिळायलाच चार-पाच दिवस जातात. बाळाला कावीळ दिसली आणि दिव्याखाली ठेवावं लागलं की तारीख हलते. मग "बारसे पुढे ढकलले आहे" असा दुसरा मेसेज जातो, तो सगळे वाचत नाहीत आणि चार माणसं पेढे घेऊन दारात उभी राहतात. घरी आल्यावर, सहाव्या दिवशी पाठवा. बाहेरगावच्यांना आठवडाभर मिळतो, तेवढा पुरतो.

भाऊबंद: सहाव्या दिवशी? आणि सोयर कुणी पाळायचं? दहा दिवस आमच्याकडे देवाला हात लावत नाहीत. त्याच दिवशी कळायला हवं.

चिंचपाणी: भाऊबंदांना त्याच दिवशी फोन. ते चार-पाच घरं असतात. मेसेज बाकीच्यांसाठी.

घड्याळजी: बारावा दिवस मोजणं इतकं अवघड आहे? जन्मतारखेत बारा मिळवा.

चिंचपाणी: अकरा मिळवा. जन्माचा दिवस पहिला धरतात. 4 डिसेंबरला बाळ झालं तर बारावा दिवस 15, 16 नाही.

घड्याळजी: बरं, अकरा. एवढ्यावरून पंचांग नाचवायला नको.

चिंचपाणी: पंचांग इथेच नाचतं. बाळ 4 तारखेला, बुधवारी पहाटे 2.40 ला झालंय असं धरा. दवाखान्याच्या कागदावर 4 लागेल, जन्मदाखल्यावरही 4. पण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून आजीच्या हिशेबात ते मंगळवारचं बाळ, बारावा दिवस शनिवार 14. तुमच्या हिशेबात रविवार 15. दोन्ही आज्यांनी आपापल्या माहेरी फोन केले की एका बारशाला दोन तारखा.

घड्याळजी: मग रविवार ठेवा, सुट्टी असते! तेरावाही चालतो आमच्याकडे मुलासाठी. कायद्याने तारीख मध्यरात्रीच बदलते.

चिंचपाणी: दाखल्यापुरतं बरोबर आहे तुमचं. बारसं काय नगरपालिका करते?

भाऊबंद: आमच्यात मुलाचं तेराव्याला होतच नाही. मुलगा असो मुलगी असो, बारावाच.

घड्याळजी: तुमच्यात नसेल. म्हणून काय जगात नसतं?

आत्याबाई: तुमचं वार-तिथी चालू द्या. मला भावाच्या मुलीचं बारसं ग्रुपवरच्या मेसेजने कळलं. कानात नाव सांगायचं कुणी? आत्याने. आणि तिलाच "सर्वांनी अगत्य यावे"!

सुटसुटीत: ताई, प्रश्न मेसेज कसा लिहायचा हा आहे.

आत्याबाई: तेच सांगतेय. तुमच्या मेसेजात मी "सर्वांनी" झाले.

निशिगंध: भांडण चालू ठेवा, पण एक सांगते. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. नेमके हेच म्हातारे काका-काकू असतात. आणि पत्ता फोटोतल्या कार्डावर छापू नका. रिक्षावाल्याला दाखवायला तो कॉपी करता येत नाही. मजकुरातच लिहा. नाव मात्र लिहू नका, नाहीतर पाळण्यात काय जाहीर करणार?

चिंचपाणी: पटलं. असं लिहा:

"आमच्या लेकीला बुधवारी पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या आहेत. बारसं रविवार, 15 डिसेंबर, दुपारी 4 वाजता आमच्या घरी, म्हणजे बाळाच्या आजोळी (खाली पत्ता). पाळणा 5 वाजता, त्याआधी पोचा. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा, घुगऱ्या भिजवायच्या आहेत. – आजी-आजोबा"

वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहिल्यावर बारावा की तेरावा हे कुणी मोजत बसत नाही.

भाऊबंद: म्हणजे शेवटी रविवारच ठेवलात.

चिंचपाणी: आजी मानली तर. नाही मानली तर शनिवार लिहा, पण दोन्ही घरांनी आधी ठरवा.

सुटसुटीत: छान. माझ्या तीन ओळींच्या तुम्ही सात केल्या, तरी एकच मेसेज राहिला ना? जिंकलो मी.

आत्याबाई: आणि आत्याला फोन?

सुटसुटीत: करतो बाई, करतो.