मदत हवी आहे: हवा २८ अंश, पाणी ८ अंश. डकी चालवताना अंगात काय घालावं?

वाघूरकाठ: ऑगस्टमध्ये आम्ही जळगावचे चौघे लडाखमधल्या झांस्कर नदीवर चिलिंग ते निम्मू डकी, म्हणजे हवा भरलेली छोटी कायाक, चालवणार आहोत. आयोजकांनी सांगितलं की दुपारी हवा २८ अंशांपर्यंत जाते, पाणी ८ च्या आसपास असतं. ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट भाड्याने आहे. ड्रायसूट हवा असेल तर आधी कळवायचं. २८ अंशांत अंगभर रबर घातलं तर उकडून हाल होतील असं वाटतं. टी-शर्ट, हाफ पँट आणि लाईफ जॅकेट पुरेल का?

भुसावळी_वल्हं: साधा हिशोब आहे भाऊ. हवा आणि पाणी दोन्ही फॅरेनहाइटमध्ये मोजा, बेरीज करा. १२० च्या खाली आली तरच वेटसूट. तुमचे ८२ आणि ४६ मिळून १२८ होतात, म्हणजे सुटाशिवाय भागेल. फक्त सुती कपडे नकोत, ओले झाले की ऊब राहत नाही.

प्रवाहवेडा: सुती कपड्यांचं बरोबर आहे, बेरीज सोडून द्या. हवा १८ अंश असती तर याच पाण्याची बेरीज ११० आली असती आणि तुम्हीच सूट घाला म्हणाला असता. हवा १० अंशांनी तापली म्हणून नदी तापली का? डकी उलटली की माणूस ८ अंशांत असतो, वरच्या २८ चा त्याला काही उपयोग नाही.

त्या पाण्यात पडल्या पडल्या तोंडाने मोठा श्वास आत ओढला जातो. तो आवरता येत नाही. त्या क्षणी तोंडावर लाट असेल तर पाणी थेट छातीत जातं. पुढची एक ते तीन मिनिटं धाप ताब्यात नसते. लाईफ जॅकेट तरंगवतं, पण ही धाप थांबवत नाही. त्यानंतर साधारण दहा मिनिटांत बोटं आणि दंड कामातून जातात. फेकलेला दोर हातात येऊनही धरता येत नाही. शरीर आतून गार पडणं बरंच नंतर येतं, म्हणून 'अर्धा तास तर निघेल' या हिशोबावर कपडे निवडू नका.

तुमच्यासाठी ड्रायसूटच मागवा, आत सिंथेटिक थर्मल आणि पातळ फ्लीस. नुसता बिनबाह्यांचा वेटसूट कमी पडेल, कारण काखेतून आणि खांद्यांवरून गार पाणी आत-बाहेर होत राहतं. तोच मिळाला तर आत पूर्ण बाह्यांचं थर्मल, वर मनगटाला घट्ट बसणारं पॅडलिंग जॅकेट, पायांत निओप्रीनचे बूट.

वाघूरकाठ: आणि उकाड्याचं काय?

प्रवाहवेडा: काठावर सूट कमरेपर्यंतच चढवा, डकी पाण्यात ढकलायच्या आधी पूर्ण करा. वाटेत गरम झालं तर डोक्यावर ओली टोपी, सुटावर पाणी. तरीही घाम थांबेना तर आतला फ्लीस काढा, सूट नाही.

चोपडेकर: डिसेंबरात हतनूरला पहाटे हवा ९ अंश असते. पक्षी बघायला कायाकने जातो. मीही ड्रायसूट घेऊ का?

प्रवाहवेडा: तुमचं गणित उलटं आहे, हवा गार पण पाणी कोमट असू शकतं. थर्मामीटर दोरीला बांधून हातभर खोल सोडा, दोन मिनिटं थांबा, मग वाचा. काठाच्या उथळ पाण्यात नको, मधल्या पाण्यात मोजा. २० च्या वर आलं तर ड्रायसूट नको. वारा अडवणारं जॅकेट आणि कोरड्या कपड्यांची पिशवी ठेवा. १५ च्या खाली आलं तर वेटसूट लागेलच. मधल्या आकड्यांना काठ किती लांब आहे ते बघून ठरवा.

वाघूरकाठ, सूट अंगावर आला की मानेची आणि मनगटाची रबरी पट्टी तपासा. बोट सहज आत सरकत असेल तर पाणीही सरकेल. चेन शेवटच्या दातापर्यंत ओढा. थोडी उघडी राहिली तर सूट भरतो आणि काठावर चढणं जड जातं. मग उकिडवं बसून मानेची पट्टी बोटाने जराशी उघडा, आतली हवा निघू द्या. नाही तर पडल्यावर हवा पायांकडे जाते आणि पाय वर तरंगतात. ही तपासणी कोमट पाण्यातही होते: काठालगत छातीभर पाण्यात लाईफ जॅकेटसह बसा, बाहेर येऊन आतले कपडे चाचपा. घामाचा ओलसरपणा सगळीकडे सारखा असतो, गळती मान, मनगट किंवा चेनजवळ एकाच पट्ट्यात दिसते.

भुसावळी_वल्हं: बेरीज यापुढे कुणाला सांगणार नाही. पण हातमोजे? निओप्रीनच्या मोज्यांत वल्ह्यावरची पकड कळत नाही, मी उघडे हातच ठेवीन.

प्रवाहवेडा: दोर पकडायला बोटं चालली पाहिजेत, म्हणून मी पातळ मोजे घालायला सांगेन.

भुसावळी_वल्हं: वल्ह्यालाच बसणारे मोजे असतात, आत उघडा हात. ते?

प्रवाहवेडा: वल्हवताना उत्तम. पण पडलात आणि वल्हं सुटलं की हात उघडेच. यावर आमच्यातही एकमत नाही.

वाघूरकाठ: आज चार ड्रायसूट कळवतो. मोजे दोन्ही प्रकारचे नेऊन तिथल्या गाईडला विचारतो.