मदत हवी आहे: सहकारी ताईंची तक्रार लिहून द्यायची आहे, फॉरमॅट आहे का कुणाकडे? (अर्जंट)

गोदावरीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बिलिंगला एक ताई आहेत. त्यांना वरचा एक माणूस सारखं घालूनपाडून बोलतो, जूनपासून चालू आहे. मालकांच्या कानावर तोंडी घातलं तर म्हणाले, लेखी आणा मग बघतो. ऑफिसचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे ताईंनी मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं ते असं:

"सदर इसम माझ्या सहकारी भगिनीशी वारंवार अपमानास्पद व असभ्य भाषेत बोलतात. त्यामुळे त्यांना मानसिक त्रास होत असून कामावर परिणाम होत आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती."

मालकांनी वाचून परत दिलं. म्हणे यात मी बघू काय? सोमवारी पुन्हा द्यायचंय. तयार फॉरमॅट असेल तर टाका. कायद्याचं लेक्चर नको, प्लीज.

स्पष्टवक्ता
भाऊ, बाईमाणसाने तक्रार केली की आपलं कुणी ऐकत नाही. माफीनामा अजिबात लिहून देऊ नका, तो कबुलीजबाब ठरतो. आधी वकील गाठा.

गोदावरीकाठ
अहो, तक्रार माझ्यावर नाहीये. मी लिहून देतोय. नीट वाचा की.

लोखंडी_टेबल
बँकेत माझाही मॅनेजर सगळ्यांसमोर "अक्कल गहाण ठेवून आलास का" म्हणतो. मी पुरुष असल्यामुळे कुणाला काही वाटत नाही. मी कुठे तक्रार करायची तेही सांगा कुणीतरी.

वैजयंती_क
गोदावरीकाठ, फॉरमॅटने काम होणार नाही, कारण तुमच्या तीन ओळींत माहितीच नाही. कामगार खात्यातून निवृत्त झाल्यावर मी दोन कंपन्यांत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, असे कागद नेहमी बघते. एवढं सांगा: तो माणूस नेमकं काय बोलतो? ऑफिसात माणसं किती? बोलताना आसपास कोण असतं? आणि ताईंचा कागद तुम्ही तुमच्या सहीने का देताय?

गोदावरीकाठ
औषधांची होलसेल एजन्सी आहे, नाशिकला. गोडाऊन धरून वीस-बावीस माणसं. तो गोडाऊन इन्चार्ज. काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईंनी मला सांगितलं तेव्हा मलाच खाली बघावं लागलं. म्हणून तर "असभ्य" लिहिलं.

नियमबोट
वैजयंतीताई बरोबर आहेत, पण मुदतीचं बघा. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. जूनपासूनचं म्हणताय, म्हणजे जूनचं गेलं, ते लिहूच नका. आणि रेकॉर्डिंग नसेल तर कितीही लिहा, तो नाही म्हणणार आणि विषय संपणार. आजच एक डायरी विकत घ्या, ताईंना जूनपासून भरायला लावा, रोजची तारीख टाकून. पुरावा तयार.

वैजयंती_क
नियमबोट, तीन महिन्यांची मुदत खरी, पण एकामागून एक घडत आलेले प्रसंग असतील तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कलम 9 मध्येच आहे ते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तेव्हा जूनचा प्रसंग लिहायचा. तो गाळला तर "वारंवार" या शब्दाला आधार काय राहिला?

डायरीचं मात्र कृपा करून करू नका. आज बसून जूनपासूनच्या तारखा टाकलेली वही समितीसमोर आली की पहिला प्रश्न येतो, ही केव्हा लिहिली? ताई खरं बोलणाऱ्या असतील तर तिथेच अडखळतील, आणि मग त्यांचं खरंही खोटं वाटायला लागतं. कागदाच्या वरच लिहा की आठवणीतून अमुक तारखेला लिहिलं आहे. त्यात कमीपणा काही नाही. इथून पुढे काही घडलं तर त्याच दिवशी लिहून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवायचं, म्हणजे वेळ आपोआप पडते.

रेकॉर्डिंग असलं तर उत्तम, नसलं म्हणून दार बंद होत नाही. समिती साक्षी ऐकते, कागद बघते, दोघांना विचारते.

नियमबोट
तुमच्या समितीत होत असेल. आमच्या ऑफिसात रेकॉर्डिंगशिवाय कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं.

पीएफवाले_काका
ताईंना सांगा, राजीनामा दिलाच तर नोटीस पिरियड पूर्ण करा आणि जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. लोक घाईत काढतात आणि पेन्शनची वर्षं घालवून बसतात.

गोदावरीकाठ
काका, राजीनाम्याचा विषयच नाहीये इथे.

बरं, मी ताईंशी पुन्हा बोललो. बायकोला बरोबर घेऊन गेलो, त्यामुळे त्या मोकळेपणी बोलल्या. ऑगस्टमध्ये गोडाऊनात तो म्हणाला, "रात्री झोपू देत नाही का कुणी? म्हणून चुकतेस बिलात." ताईंचा घटस्फोट झालाय, हे सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये साडीवरून काहीतरी, "कुणासाठी नटलीस" असं. आणि 24 सप्टेंबरला काउंटरवर, गिऱ्हाईक उभं असताना, "नवऱ्याने उगाच नाही सोडलं." हे मी स्वतः ऐकलं. बाकी "अक्कल नाही", "बावळट" हे तर रोजचंच.

वैजयंती_क
आता कळलं मालकांनी कागद परत का दिला. "असभ्य" वाचून त्यांना "बावळट" एवढंच डोळ्यासमोर आलं असणार. "बावळट" हा उर्मटपणा झाला. "रात्री झोपू देत नाही का कुणी" हे लैंगिक अर्थाचं बोलणं आहे आणि ते थेट 2013 च्या कायद्यात बसतं. तुम्ही संकोचाने गाळलेलं तेच तक्रारीचं मूळ आहे. तो बोलला तसंच, अवतरणात, फुल्या न टाकता लिहायचं. ज्या प्रसंगाचे शब्द नेमके आठवत नाहीत, तिथे "अशा अर्थाचं बोलले" म्हणायचं. अवतरणातलं वाक्य म्हणजे ताई ज्याची शपथ घेऊ शकतात ते.

कागद दोन करा. तक्रार ताईंची, "मी" म्हणून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या सहीची. तुमचा कागद वेगळा, साक्षीदाराचा. त्यात फक्त 24 सप्टेंबर, कारण तेवढंच तुमच्या कानांनी ऐकलंय. ऑगस्टचं तुम्ही लिहिलंत तर समोरचा विचारेल, तुम्ही तिथे होतात का? मग तुमचं 24 तारखेचंही पातळ होईल.

एक प्रसंग कसा लिहायचा ते दाखवते. तपशील तुमच्याकडून तपासून घ्या, मी नमुन्यासाठी घातलेत:

"18 ऑगस्ट 2025, सोमवार, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. गोडाऊनमध्ये एक्स्पायरीच्या रॅकपाशी मी परतीच्या मालाचे बॅच नंबर लिहीत होते. श्री. अमुक मागून आले आणि म्हणाले, 'रात्री झोपू देत नाही का कुणी? म्हणून चुकतेस बिलात.' मी उत्तर दिलं नाही, काम सोडून काउंटरवर आले. डिलिव्हरीचा मुलगा शेजारी खोकी बांधत होता, त्याने हे ऐकलं. काउंटरवरच्या सहकारी बाईंनी मला रडताना पाहिलं, शब्द त्यांनी ऐकलेले नाहीत. परताव्याची यादी त्या दिवशी अपुरी राहिली, ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने पुरी केली."

ऐकणारा आणि नंतर बघणारा असे दोन साक्षीदार वेगळे ठेवलेत ते पाहा. दोघांचाही उपयोग होतो, पण दोघांनाही "ऐकलं" म्हटलं की एक जण उलटतपासात गळतो.

गोदावरीकाठ
हे कामाचं. पण जूनची तारीख ताईंना आठवत नाही. अंदाजे 12 जून टाकू का?

वैजयंती_क
अंदाजे टाकायची नाही. तो त्या दिवशी रजेवर निघाला तर? एका खोट्या पडलेल्या तारखेने बाकीचे प्रसंगही संशयात जातात. त्या दिवशी आणखी काय घडलं होतं ते विचारा. कुठल्या कंपनीचा माल उतरला, कुठला एमआर आला होता. माल उतरला असेल तर खरेदी बिलावर तारीख सापडते. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी कोणतं बिल किती वाजता केलं तेही निघतं. तरीही नाही सापडली तर "जूनचा दुसरा आठवडा, तारीख नक्की आठवत नाही" असंच लिहा.

सायलीची_आई
कामावर परिणाम हा भागही जपून लिहा हं. माझ्या बहिणीच्या वेळी तिने "चुका होऊ लागल्या" लिहिलं आणि समोरच्याने तेच उचललं, की मी चुकांबद्दलच रागावत होतो.

वैजयंती_क
अगदी. इथे तर त्याच्या वाक्यातच "चुकतेस बिलात" आहे, तो हाच बचाव घेणार. म्हणून मे महिन्यातली दुरुस्त केलेली बिलं आणि जुलै-ऑगस्टमधली, दोन्ही काढून बघा. आधी चुका नव्हत्या आणि नंतर वाढल्या, तर ते ताईंच्या बाजूचं. आधीपासून होत्या, तर तो मुद्दा लिहू नका. त्यापेक्षा ताई गोडाऊनला जायचं टाळतात का, त्यांच्याऐवजी कोण जातं, प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी रजा आहे का, हे हजेरीपुस्तकातून दाखवा.

मी_पुण्याचा
एवढं कशाला? ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका सगळं. दोन मिनिटांत सरळ येतो.

वैजयंती_क
मुळीच नको. तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर फोडायला कायद्यानेच मनाई आहे. शिवाय तो अब्रुनुकसानीची नोटीस घेऊन उभा राहील ते वेगळं. गोदावरीकाठ, इथेही आता याहून जास्त तपशील देऊ नका.

तुमच्याकडे दहाच्या वर माणसं आहेत, म्हणजे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार तिच्या नावाने द्या, सहा प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. मालकांकडून पोच घ्या.

गोदावरीकाठ
समिती म्हणजे मालक, त्यांचे धाकटे भाऊ आणि सीए. नोटीस बोर्डावर तेवढंच आहे.

वैजयंती_क
ती समिती नव्हे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी लागते, निम्म्या तरी बायका लागतात आणि एक सदस्य बाहेरचा. समिती न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, हे मालकांना शांतपणे दाखवा. काउंटरवर कॅमेरा असेल तर 24 सप्टेंबरचं चित्रण जपून ठेवा असं आजच लेखी मागा. बहुतेक ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं. आवाज नसला तरी कोण कुठे उभं होतं ते दिसतं.

नियमबोट
म्हणजे शेवटी रेकॉर्डिंगच ना!

लोखंडी_टेबल
माझं राहिलंच. पुरुषांनी कुठे जायचं?

वैजयंती_क
या कायद्याखाली तक्रार बाईचीच घेतात. तुमच्या बँकेची तक्रार निवारण पद्धत आणि युनियन हे रस्ते आहेत. लिहायची रीत मात्र हीच. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होतोय.

गोदावरीकाठ
कॅमेऱ्याचं पत्र दिलं, मालकांनी पोच दिली. जूनची तारीख खरेदी बिलावरून सापडली, 17 निघाली. डिलिव्हरीचा मुलगा मात्र म्हणतो, मी ऐकलंय पण माझं नाव घालू नका, माझी रोजंदारी त्याच्याच हातात आहे. काय करू?

वैजयंती_क
त्याला न विचारता नाव घालू नका, ऐन वेळी फिरेल. "त्या वेळी तिथे आणखी एक कर्मचारी हजर होता" एवढं लिहा आणि समितीने त्याला स्वतःहून बोलवावं अशी विनंती जोडा. समितीला साक्षीदार बोलवायचा अधिकार आहे. समोर बसल्यावर तो काय बोलेल ते मी सांगू शकत नाही.

सायलीची_आई
त्याची रोजंदारी तात्पुरती दुसऱ्या कुणाच्या हाताखाली देता येते का, मालकांना विचारून बघा ना.

गोदावरीकाठ
विचारतो. ताई आज स्वतःच्या अक्षरात लिहितायत, सहा प्रती झेरॉक्स काढून सोमवारी देतो.