मदत हवी आहे : क्लासचं माहितीपत्रक आटपशीर करायचंय

जुळे सोलापुरात माझा दहावीचा क्लास आहे, गणित आणि विज्ञान, सेमी इंग्रजी. माहितीपत्रक चार पानी. पालक ते हातात घेऊनही विचारतात, "सर, फी किती?" कारण फी तिसऱ्या पानावर, तीही "माफक" या शब्दामागे दडलेली.

आधी अक्षर बारीक करून दोन पानांत बसवलं. वाचणं आणखी अवघड झालं. मग मनोगत, सुविचार आणि "उज्ज्वल यशाची परंपरा" काढली. आता पहिलं वाक्य असं आहे : "वर्षाची एकूण फी 18,000 रुपये, नोट्स आणि सराव परीक्षा धरून, जून, सप्टेंबर, डिसेंबर असे तीन समान हप्ते." हे शेजारच्या दोन पालकांना दाखवलं, त्यांनी पुन्हा फी विचारली नाही.

अडलंय ते निकालापाशी. जुन्या पत्रकात फक्त पहिल्या पाच मुलांचे फोटो होते. खरा हिशोब असा : गेल्या वर्षी 42 मुलं, गणितात 80 च्या वर 13, 60 ते 80 मध्ये 21, त्याखाली 8, नापास कोणी नाही. मला एकूण आकडा लपवायचा नाही. पण आजूबाजूच्या फ्लेक्सवर सगळीकडे 95 टक्केवालेच झळकतात.

आता एकच पान, दोन्ही बाजू, मराठीतच. छपाई पुढच्या आठवड्यात. फोटो नकोत.

"42 पैकी 34 जणांना गणितात 60 किंवा जास्त" एवढं एकच वाक्य टाकू, की तिन्ही गट दाखवू? आणि ते फीच्या वर की खाली?