मदत हवी आहे: आरडी विरुद्ध एसआयपी, ९० सेकंदांत कसं दाखवू?

आमच्या बचत गटासाठी मी छोटा व्हिडिओ करतेय. दोन्हीकडे महिन्याला २,००० रुपये. आरडीचा भाग जमला: व्याजदर साडेसहा टक्के धरला तर वर्षाअखेर २४,००० वर साधारण साडेआठशे रुपये व्याज मिळतं. इथेच पहिला गोंधळ होतो. "साडेसहा टक्के म्हणजे पंधराशे साठ व्हायला हवेत ना?" असं हमखास विचारलं जातं. पण पहिला हप्ता बारा महिने व्याज कमावतो आणि शेवटचा जेमतेम एक, हे बायकांना चित्रातून पटकन कळतं.

अडलंय ते एसआयपीपाशी. तीन हप्त्यांचं काल्पनिक उदाहरण घेतलंय. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, २० असताना १०० युनिट, १६ ला १२५, २५ ला ८०. भरले ६,००० आणि हातात ३०५ युनिट. २५ च्या भावाने त्यांचे ७,६२५ होतात. इथे थांबले तर व्हिडिओ जाहिरातच वाटतो! म्हणून पुढे एनएव्ही १८ वर आणली, की तेच युनिट ५,४९० चे होतात, म्हणजे मुद्दलातच तोटा.

माझे प्रश्न: दोन्ही शेवट शेजारीशेजारी दाखवू की आधी तोट्याचा? आणि "परताव्याची हमी नाही, मुद्दलही घटू शकतं" हे शेवटी बारीक अक्षरांत न टाकता आकड्यांसोबतच मोठ्याने बोलायचंय, तर नेमकं कुठे बसवू? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.