आघाडी, कल, मताधिक्य, विजयी: मतमोजणीच्या दिवशी कोणता शब्द कधी?

रात्रपाळी: मतमोजणीच्या दिवशी दोन मजकूर एकाच वेळी चालू असतात. एक क्षणाक्षणाच्या नोंदींचा आणि दुसरी मुख्य बातमी. नोंदीत ‘आघाडी’, बातमीत ‘मताधिक्य’, मथळ्यात ‘कल’, आणि आकडा मात्र तोच. यात काही नेम आहे की ज्याला जे सुचेल ते? शिवाय ‘महाविकास आघाडीला आघाडी’ हे वाचवत नाही.

तळटीप: शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. पक्षांच्या आघाडीबद्दल लिहिताना ‘पुढे’ वापरा: ‘मविआ इतक्या जागांवर पुढे’. बाकीचं असं. ‘आघाडी’ एका उमेदवाराची, एका फेरीपर्यंतची. म्हणून तिच्याशेजारी फेरी हवीच: ‘२४ पैकी ९व्या फेरीअखेर ३,२०० मतांची आघाडी’. फेरी गाळली की दुपारी तीनला वाचणाऱ्याला तो ताजा आकडा वाटतो. ‘कल’ एका मतदारसंघाला लावू नये, तो राज्याच्या बेरजेचा शब्द. ‘मताधिक्य’ निकाल जाहीर झाल्यावर.

हेडिंगवाले: एवढं कशाला? शेवटची फेरी संपली की ‘विजयी’ लिहून टाकायचं.

तळटीप: बहुतेक ठिकाणी खपून जाईल, पण चुरशीच्या जागी हमखास फसाल. २०२४ ची लोकसभा, मुंबई उत्तर-पश्चिम घ्या. मतदान यंत्रांची बेरीज कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं मात्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. टपालात ४९ जास्त, यंत्रात एक कमी. वायकर ४८ मतांनी विजयी. टपाली मतं सकाळी आठला आधी मोजायला घेतात, यंत्रं अर्ध्या तासाने. पण आधी सुरू झालं म्हणजे आधी संपतं असं नाही. आता, २०२५ पासून, टपाली मोजणी पुरी झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घ्यायची नाही असा आयोगाचा आदेश आहे. तरीही व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पडताळणी उरतेच. आघाडी बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतंही पुन्हा तपासतात. तेव्हा ‘विजयी’ हा शब्द निर्णय अधिकाऱ्याने घोषणा केल्यावरच. तोवर ‘सर्व फेऱ्यांअखेर पुढे, घोषणा बाकी’.

गुलालखोबरं: आमच्या बाजार समितीच्या निकालात ‘मताधिक्य’ कसं लिहायचं? एका गटातून सात जण निवडून येतात.

तळटीप: तुमचा प्रश्न जरा वेगळा आहे. तिथे पहिल्या पराभूत उमेदवाराशी तुलना करता येईल, पण सगळे तसं करत नाहीत. मी नुसती मिळालेली मतं देईन.

रात्रपाळी: आणि मुख्य बातमी? दर दहा मिनिटांनी सगळी बदलावी लागते.

पानजोडणी: सगळी बदलू नका. बदलणारे आकडे पहिल्या परिच्छेदातच कोंडा: जाहीर निकाल किती, किती जागांवर कोण पुढे, वेळ कोणती, आकडे कुठले. खाली एकही चालता आकडा नको. तिथे फक्त जाहीर झालेले निकाल आणि पार्श्वभूमी. एरवी वर ११२ बदलता आणि सातव्या परिच्छेदात १०९ तसाच राहतो. नोंदींचं उलटं. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही, त्या वेळचा आकडा त्या वेळेसह राहू द्यायचा. नोंद चुकीचीच असेल तर नवी नोंद करून तसं म्हणायचं.

बेरजेचं एक. समजा २८८ पैकी ४१ जाहीर आणि २४३ ठिकाणी आघाडी, म्हणजे २८४ चे कल हाती. आणखी सहा निकाल लागले, ४१ चे ४७ केले, पण २४३ चे २३७ करायचे राहिले. बेरीज २९०! २८८ च्या वर गेली म्हणून हे सापडलं. दोनच निकाल लागले असते तर बेरीज २८६ झाली असती आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर ‘जाहीर + आघाडी + कल नाही = २८८’ हे पाहायचं.

हेडिंगवाले: पण वाहिन्या आयोगाच्या संकेतस्थळाच्या पुढे असतात. तिथले आकडे घेतले तर?

पानजोडणी: एका मतदारसंघाच्या नोंदीत घ्या, स्रोत सांगून. राज्याच्या बेरजेत दोन स्रोत मिसळू नका. एकाकडे १४वी फेरी, दुसऱ्याकडे ११वी, आणि मधे आघाडी पलटली असेल तर तीच जागा दोघांच्या नावावर लागते.

हेडिंगवाले: ‘मताधिक्या’बद्दल मात्र पटलं नाही. ‘दहाव्या फेरीअखेर ५ हजारांचं मताधिक्य’ सर्रास लिहितात, अर्थही कळतो.

तळटीप: अर्थ कळतो, पण घाईत वाचणाऱ्याला निकाल लागल्यासारखं वाटतं. व्याकरणाने चूक नाही, तेवढं मान्य.